सारांश लिहिताना ग्रंथकाराच्या संज्ञा कशा जपाव्यात: दासबोधातील 'ज्ञान' या शब्दाच्या आधारे

मागच्या टिपणात आपण तांत्रिक अहवालाचा सारांश कसा करायचा ते पाहिले. या टिपणात त्याहून अवघड काम घेऊ: भक्तिपर किंवा तत्त्वज्ञानपर उताऱ्याचा सारांश. भारतीय ज्ञान परंपरेचा अभ्यासक्रम आल्यापासून अभियांत्रिकीच्या मुलांनाही असे उतारे येतात. उत्तरपत्रिका तपासताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. उतारा समजलेला असतो, भाषा बरी असते, आणि तरीही सारांशात ग्रंथकार जे म्हणतो त्याच्या उलटे काहीतरी उतरलेले असते. बहुतेक वेळा याचे कारण एवढेच असते की विद्यार्थ्याने ग्रंथातला एखादा शब्द काढून त्याच्या जागी रोजच्या वापरातला, ओळखीचा शब्द ठेवलेला असतो.

मी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. इथे मराठी उतारा कुठून आला, असे महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरची सत्ता घेतली आणि 1855 पर्यंत ते भोसल्यांचे राज्य होते. त्या काळात तंजावर, मन्नारगुडी अशा ठिकाणी रामदासी मठ झाले, कीर्तने झाली, ग्रंथांच्या नकला झाल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, त्यात मोडीतले कागदही पुष्कळ. राज्य गेले, पण घरात मराठी बोलणारी कुटुंबे राहिली. त्यांची मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात; घरचे मराठी लिहायची वेळ आली तर कित्येक जण ते तमिळ लिपीत लिहितात. (तमिळ लिपीत 'त' आणि 'द' यांना वेगळी अक्षरे नाहीत, त्यामुळे असे मराठी वाचणारा अर्ध्या वेळी अंदाजानेच वाचतो.)

अशा घरातल्या मुलाला मूळ ओव्या वाचता येत नाहीत. त्याच्या वाट्याला दासबोध येतो तो कोणीतरी केलेल्या सारांशातून. तो सारांश चुकला तर ताडून पाहायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. म्हणून मी हा विषय वर्गात हळू शिकवतो, आणि इथेही एकाच उदाहरणावर थांबणार आहे.

उतारा कोणता

दासबोधात वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास आहेत. पाचव्या दशकातला पाचवा समास 'बहुधा ज्ञान' आणि सहावा 'शुद्ध ज्ञान' हे दोन लागोपाठचे समास आपण घेऊ. ते जोडीनेच वाचायचे असतात, कारण पहिला प्रश्न उभा करतो आणि दुसरा उत्तर देतो. मूळ ओव्या तुमच्या ग्रंथालयातल्या प्रतीत उघडून समोर ठेवा. इथे मी फक्त त्यातला युक्तिवाद सांगतो.

पाचव्या समासाच्या आरंभी रामदास सांगतात की प्रांजळ ज्ञान होत नाही तोवर सगळे निष्फळ, आणि ज्ञानावाचून तळमळ जात नाही. मग अडचण येते. ज्ञान म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे नाना गोष्टी येतात. तेव्हा ज्ञान म्हणजे काय हे क्रमाने सांगायला हवे. यापुढे एक लांबच लांब यादी सुरू होते: भूत-भविष्य-वर्तमान कळणे, विद्याभ्यास, संगीत, शास्त्रे, वेदाध्ययन, घोडे, हत्ती, पक्षी यांची परीक्षा, धातू, नाणी, रत्ने यांची परीक्षा, दगड, लाकूड, जमीन, पाणी, बी, अंकुर, फुले, फळे, रोग, यंत्रे, भाषा, स्वर, लेखन. अभियांत्रिकीच्या जवळजवळ सगळ्या शाखा या यादीत कुठे ना कुठे बसतात. वर्गात मुले आपापली शाखा शोधतात. हे सगळे जाणणे ज्ञानासारखे वाटते, पण मुख्य ज्ञान निराळे, असे ग्रंथकाराचे म्हणणे आहे.

यादीचे शेवटचे टोक लक्षात घेण्यासारखे आहे. एक सत्पुरुष मानसपूजा करत असतो. मनातल्या मनात चाललेल्या त्या पूजेत त्याच्याकडून चूक होते, आणि दुसरा कोणी त्याला तिथल्या तिथे टोकतो की असे नव्हे. दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्या अशा माणसाला लोक ज्ञाता म्हणतात. रामदास म्हणतात, हेही ते ज्ञान नाही. ज्याने सायुज्यप्राप्ती होते ते ज्ञान वेगळे. इथे समास संपत येतो आणि श्रोत्याच्या मनात साहजिक प्रश्न राहतो: मग ते कोणते?

सहावा समास त्याचे उत्तर देतो. ज्ञान म्हणजे आत्मज्ञान, आपणच आपल्याला पाहणे. मुख्य देवाला जाणणे, सत्य स्वरूप ओळखणे, नित्य काय आणि अनित्य काय याचा विचार करणे. जिथे दृश्य प्रकृती सरते, पंचभूतांचा पसारा ओसरतो आणि द्वैत मुळापासून जाते, तिथे मन, बुद्धी, तर्क पोचत नाहीत. तिथे जाणीव हेसुद्धा अज्ञान ठरते. यावर एक आक्षेप उभा राहू शकतो: तुर्या, म्हणजे जागृती-स्वप्न-सुषुप्तीपलीकडची सर्वसाक्षी अवस्था, हिला तर ज्ञान म्हणतात. रामदास तेही नाकारतात. दृश्य पदार्थ जाणणे ते पदार्थज्ञान आणि शुद्ध स्वरूप जाणणे ते स्वरूपज्ञान, असे दोन भाग करून ते तुर्येला पदार्थज्ञानात टाकतात. साक्षी आला की ज्याचा तो साक्षी तेही आले, म्हणजे दोन झाले. आणि ज्ञान तर अद्वैत. महावाक्याबद्दलही ते स्पष्ट आहेत: त्याचा जप करून भ्रांती जात नाही, साधकाने त्याचा विचार केला पाहिजे.

असा हा युक्तिवाद आहे. तो पुढे नेणारी गोष्ट एकच: 'ज्ञान' हा शब्द कशाकशाला लागत नाही हे दाखवत दाखवत त्याचा अर्थ आवळत नेणे. हे पकडले की सारांशातला प्रत्येक निर्णय सोपा होतो.

एक सारांश, जसा लिहिला जातो तसा

अनेक उत्तरपत्रिकांतल्या चुका एकत्र करून मी वर्गासाठी एक नमुना तयार केला आहे. तो असा:

"या उताऱ्यात संत रामदास सांगतात की लोक वेगवेगळी माहिती आणि कौशल्ये यांनाच नॉलेज समजतात. ते अनेक विषयांच्या परीक्षा देतात, पण त्याने मनाचा ताण जात नाही. केवळ पदार्थविज्ञान शिकून माणूस सुखी होत नाही. खरे ज्ञान म्हणजे स्वतःविषयीची जाणीव. आपल्या क्षमता आणि मर्यादा ओळखून, साक्षीभावाने जगाकडे पाहिले तर मन शांत होते. यासाठी महावाक्यांच्या साहाय्याने सकारात्मक विचार करावा. म्हणून बाहेरच्या शिक्षणापेक्षा आत्मपरीक्षण महत्त्वाचे आहे."

वाचायला ओघवता आहे. गुण द्यायला हात पुढे जातो. आता एकेक शब्द तपासू.

'परीक्षा' पासून सुरुवात करू, कारण ती चूक सर्वांत सरळ आहे. समासात रत्नांची परीक्षा, धातूंची परीक्षा असे येते तेव्हा तो शब्द पारख या अर्थाने आहे. रत्नपारखी हिरा पाहून सांगतो तशी. विद्यार्थ्याच्या रोजच्या जगात परीक्षा म्हणजे सत्राच्या शेवटचा पेपर. त्याने शब्द तोच ठेवला, पण भोवतीचे वाक्य बदलले: परीक्षा 'देतात' म्हटले. शब्द जसाच्या तसा ठेवला म्हणजे संज्ञा जपली असे होत नाही, हे इथे दिसते. ज्या क्रियापदासोबत तो मूळ उताऱ्यात नांदतो ते क्रियापदही पाहावे लागते. रत्नांची परीक्षा कोणी देत नाही, करतो.

'पदार्थविज्ञान' ही त्याच जातीची पण जास्त घातक चूक आहे. आज पदार्थ म्हटले की स्वयंपाकघरातला जिन्नस किंवा प्रयोगशाळेतला नमुना डोळ्यांपुढे येतो. ग्रंथात दृश्य पदार्थ म्हणजे जाणणाऱ्याहून वेगळी म्हणून जाणली जाणारी कोणतीही वस्तू. म्हणूनच तुर्यावस्थेसारखी अगदी आतली अनुभूतीसुद्धा पदार्थज्ञानात जाते. विद्यार्थ्याने 'पदार्थविज्ञान' लिहिल्याबरोबर ही रेघ सरकली. बाहेरचे भौतिक एका बाजूला आणि आतले मानसिक दुसऱ्या बाजूला, अशी नवी विभागणी झाली. ग्रंथकाराची विभागणी तशी नाही. त्याच्या दृष्टीने आतलेही जोवर जाणले जाते तोवर पदार्थच आहे.

यातूनच पुढची चूक जन्मते, आणि ती सर्वांत मोठी आहे. खरे ज्ञान म्हणजे स्वतःविषयीची जाणीव, साक्षीभावाने पाहणे, असे सारांश म्हणतो. आजच्या मराठीत जाणीव हा चांगला शब्द आहे. सामाजिक जाणीव, जबाबदारीची जाणीव. साक्षीभावही ध्यानाच्या पुस्तकांत चांगलाच मानला जातो. पण या समासात जाणीव अज्ञानाच्या बाजूला आहे आणि साक्षित्व हे द्वैत म्हणून नाकारले आहे. म्हणजे ग्रंथकाराने ज्या उत्तराला मुद्दाम जागा करून देऊन 'हे नव्हे' म्हटले, तेच उत्तर सारांशकाराने त्याच्या तोंडी घातले. आपण आधुनिक शब्द वापरतो तेव्हा हे सहज घडते, कारण आधुनिक शब्द आपल्याबरोबर आजचे गुणावगुण घेऊन येतात.

'तळमळ' च्या जागी 'मनाचा ताण' आला. हे लहान वाटते, पण ताण हा कामाचा, अभ्यासाचा असतो आणि विश्रांतीने उतरतो. इथली तळमळ ज्ञानाशिवाय कशानेही जात नाही, हीच तर पहिली अट आहे. ताण शब्द आला की वाचक सायुज्याची अपेक्षा सोडून मनःशांतीची अपेक्षा करू लागतो, आणि सारांशात तसेच झाले आहे. सायुज्यप्राप्ती हा शब्द त्यात कुठेच नाही.

'विचार' हा शब्दही पाहा. समासात विचार म्हणजे नित्य आणि अनित्य वेगळे करत नेण्याची क्रिया, विवेचन. 'सकारात्मक' हे विशेषण लागताच ती मनःस्थिती झाली. शिवाय ग्रंथकाराने जप आणि विचार यांत जो भेद केला तो गळाला. महावाक्याचे काय करायचे याचे स्पष्ट उत्तर त्याने दिले होते. सारांशात ते विरघळले.

शेवटी 'नॉलेज' आणि 'बाहेरचे शिक्षण'. रामदास विद्या निरुपयोगी आहेत असे म्हणत नाहीत. या विद्या ज्ञान या नावाला पात्र नाहीत, एवढेच म्हणतात. दासबोधातच इतरत्र प्रपंच नेटका करण्यावर, अक्षर चांगले काढण्यावर समास आहेत. 'पेक्षा महत्त्वाचे' ही तुलना विद्यार्थ्याची आहे, उताऱ्याची नाही.

संज्ञा कोणती हे कसे ओळखायचे

आता तुम्ही विचाराल की मग प्रत्येकच जुना शब्द तसाच ठेवायचा का. नाही. तसे केले तर सारांश न होता ओव्यांचे तुकडे जोडलेली गोधडी होते, आणि ती चूकही मी पाहतो. 'वोळखावे' चे 'ओळखावे' करायला काहीच हरकत नाही. घोडे, हत्ती, बी, फुले यांची नावे बदलली किंवा गाळली तरी युक्तिवादाला धक्का लागत नाही.

स्थापत्यशास्त्राच्या मुलांना मी असे सांगतो. वर्तमानपत्रात दाब, ताण, भार हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. तुळईचे गणित सोडवताना ते चालत नाहीत, कारण तिथे प्रत्येकाची व्याख्या ठरलेली आहे आणि एकाच्या जागी दुसरा घातला की उत्तर चुकते. उताऱ्यातही काही शब्द व्याख्येने बांधलेले असतात. ते शोधायचे.

शोधायला तीन खुणा पुरतात. पहिली, ग्रंथकार 'याला अमुक म्हणावे' अशा घाटाने त्या शब्दाचा अर्थ स्वतः सांगतो. सहाव्या समासात 'ज्ञान' बाबत हे वारंवार होते. दुसरी, शब्द जोडीने येतात आणि एकमेकांना छेद देतात: बहुधा ज्ञान आणि शुद्ध ज्ञान, पदार्थज्ञान आणि स्वरूपज्ञान, जप आणि विचार, द्वैत आणि अद्वैत. जोडीतला एक बदलला की दुसरा लंगडा होतो, म्हणून जोडी ठेवायची तर पूर्ण ठेवायची. तिसरी खूण जरा अवघड: रोजचा वाटणारा शब्द अनपेक्षित बाजूला उभा दिसतो. जाणीव अज्ञान कशी, असे वाटून आपण अडखळतो. जिथे अडखळलात तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक विद्यार्थी नेमकी तीच ओवी 'छपाईची चूक असेल' म्हणून सोडून देतात.

या दोन समासांत मला अशा आठ-दहा संज्ञा सापडतात. प्रत्येकीसमोर उताऱ्यातूनच मिळणारा अर्थ एका ओळीत लिहा. शब्दकोश नंतर पाहा, आधी नको. कोशात 'विज्ञान' शब्दाला सायन्स हा अर्थ पहिला मिळेल; ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मात्र विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान असे सांगितले आहे. एकच शब्द दोन ग्रंथांत वेगळा बांधलेला असू शकतो, त्यामुळे एका ग्रंथाची व्याख्या दुसऱ्यात नेऊन लावणे हीसुद्धा एक प्रकारची आधुनिक भाषांतरासारखीच चूक.

संज्ञा ठेवली की तिचा अर्थ एकदाच, त्याच वाक्यात, छोट्या उपवाक्यात द्यायचा. 'तुर्या ही सर्वसाक्षी अवस्था' एवढे पुरते. कंस वापरलात तर एखाद-दुसराच. अर्थ देऊन झाल्यावर पुढे संज्ञाच वापरायची. एकदा तुर्या, एकदा साक्षी अवस्था, एकदा चौथी अवस्था असे फिरवायचे नाही. शाळेत आपल्याला शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवतात. इथे ती सवय सोडावी लागते.

पुन्हा लिहिलेला सारांश

"दासबोधाच्या पाचव्या दशकातील 'बहुधा ज्ञान' आणि 'शुद्ध ज्ञान' या समासांत रामदास ज्ञान कशाला म्हणावे हे ठरवतात. प्रांजळ ज्ञानावाचून सर्व निष्फळ आहे आणि तळमळ जात नाही, असे ते आरंभी सांगतात. लोक ज्यांना ज्ञान म्हणतात त्या विद्या, कळा आणि नाना वस्तूंची परीक्षा (पारख) यांची ते दीर्घ यादी देतात. दुसऱ्याच्या मनातले ओळखणेही तिच्यात येते. सायुज्यप्राप्ती ज्याने होते ते ज्ञान या सर्वांहून वेगळे आहे. ते म्हणजे आत्मज्ञान, आपणच आपल्याला पाहणे. तिथे दृश्य सरते, द्वैत उरत नाही, मन, बुद्धी आणि तर्क पोचत नाहीत, आणि जाणीवही अज्ञान ठरते. तुर्या ही सर्वसाक्षी अवस्थासुद्धा शुद्ध ज्ञान नव्हे, कारण साक्षित्वात द्वैत राहते. दृश्य जाणणारे ते पदार्थज्ञान आणि शुद्ध स्वरूप जाणणारे ते स्वरूपज्ञान. महावाक्याचा नुसता जप पुरत नाही, साधकाने त्याचा विचार केला पाहिजे, असे रामदास म्हणतात."

हा पहिल्या नमुन्यापेक्षा लांब आहे, आणि तुम्हाला कोरडा वाटेल. यात काय गाळले ते पाहा. यादीतली पन्नासेक नावे तीन शब्दांत आली. मानसपूजेची गोष्ट गेली, पण तिचे काम राहिले: मनातले ओळखणेही यादीत आहे हे सांगितले. यादी आवळताना तिचे शेवटचे टोक ठेवायचे, कारण ग्रंथकार किती दूरपर्यंत नाकारतो हे त्यावरून कळते. 'विद्या आणि कला' एवढेच लिहिले असते तर वाचकाला वाटले असते की अलौकिक सिद्धी तरी ज्ञानात धरल्या असतील.

'असे ते सांगतात', 'असे रामदास म्हणतात' हे शब्दही मुद्दाम ठेवले आहेत. तुर्येला ज्ञान मानणारेही आहेत. समासातच त्यांचा उल्लेख येतो. सारांशकाराने आपण निवाडा केल्यासारखे लिहू नये. तुम्हाला स्वतःला हे म्हणणे पटते की नाही, तुमची श्रद्धा आहे की नाही, याचा या कामाशी संबंध नाही. पटत नसेल तर सारांशाखाली वेगळा परिच्छेद करून लिहा.

तपासणी

सारांश झाला की मूळ उतारा मिटून ठेवायचा आणि शेजाऱ्याला फक्त सारांश द्यायचा. त्याला चार-पाच प्रश्न विचारायचे ज्यांची उत्तरे उताऱ्यात नक्की आहेत. या उताऱ्यासाठी माझे प्रश्न असे असतात: रत्नपारख्याला हा ग्रंथकार ज्ञानी म्हणेल का? दुसऱ्याचे मन ओळखणाऱ्याला? साक्षित्वाने राहणाऱ्याला? महावाक्य रोज हजार वेळा म्हणणाऱ्याची भ्रांती जाईल का? विद्या शिकू नये असे तो म्हणतो का? पहिला नमुना वाचून तिसऱ्या प्रश्नाला मुले 'हो' म्हणतात आणि पाचव्यालाही जवळजवळ 'हो'. दुसरा वाचून तिसऱ्याला 'नाही' म्हणतात, आणि पाचव्याला 'याबद्दल इथे काही सांगितलेले नाही' असे म्हणतात. हे शेवटचे उत्तरही बरोबर आहे. उतारा जिथे गप्प आहे तिथे सारांशही गप्प राहिला पाहिजे.

दुसऱ्या भाषेत सारांश करताना

आमच्याकडची मुले हे काम पुष्कळदा तमिळमध्ये करतात. तमिळमध्ये दोन शब्द आहेत, 'अरिवु' आणि 'ञानम्'. अरिवु म्हणजे समज, बुद्धी, कळणे, आणि ञानम् हा आपल्या ज्ञानाचाच तमिळ अवतार, जो बहुधा आध्यात्मिक अर्थाने येतो. वाटते की ञानम् लिहिले की प्रश्न सुटला. पण पाचव्या समासात तर लोक रत्नपरीक्षेलाही ज्ञानच म्हणतात. तोच शब्द दोन्ही बाजूंना वापरला गेल्यामुळे वाद उभा राहतो. एका विद्यार्थिनीने यादीसाठी अरिवु आणि आत्मज्ञानासाठी ञानम् असे वाटून टाकले. वाक्ये सुंदर झाली, पण 'हेही ज्ञान म्हणवते, तरी ज्ञान नव्हे' ही ओढाताणच नाहीशी झाली: अरिवु म्हणजे ञानम् नव्हे, यात सांगण्यासारखे काय राहिले?

तिच्या घरी मराठी बोलतात. तिने तो मसुदा आजीला वाचून दाखवला. आजींनी लहानपणी घरात दासबोधाचे वाचन ऐकलेले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, लोक त्याला ञानम् म्हणतात हे कुठे गेले? मुलीने दोन्हीकडे ञानम् केले, आणि पहिल्या उल्लेखाला 'लोक ज्याला ञानम् म्हणतात ते' अशी जोड दिली. 'पदार्थज्ञान' तिने तमिळ लिपीत तसेच ठेवून एका उपवाक्यात अर्थ दिला. 'विज्ञान' शब्द तिने कटाक्षाने टाळला, कारण तमिळमध्येही विञानम् म्हणजे आज सायन्सच.

इंग्रजीत करणाऱ्यांनीही हेच करावे: ज्ञान, तुर्या, पदार्थज्ञान हे शब्द तसेच घेऊन एकदा अर्थ द्यावा. नॉलेज, अवेअरनेस, विटनेस हे तीन शब्द घातले की वरच्या पहिल्या नमुन्याची प्रत तयार होते.

स्वाध्याय

1. पाचव्याच दशकातील सातव्या ते दहाव्या समासांत बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे आहेत. साधक आणि सिद्ध हे दोन समास वाचून दोन्हींचा मिळून 150 शब्दांत सारांश लिहा. 'साधक' च्या जागी 'अभ्यासू' आणि 'सिद्ध' च्या जागी 'यशस्वी' लिहिले तर कोणते विधान खोटे ठरते ते सारांशाखाली दाखवा.

2. वरच्या दुसऱ्या सारांशातून 30 शब्द कमी करा. कोणतीही जोडी मोडू देऊ नका. काय गाळले आणि का, ते समासात लिहा. (इथे समास म्हणजे वहीच्या कडेची मोकळी जागा.)